बंदिस्त प्रजनन आणि पुनर्स्थापना: काळ्या पायांच्या फेरेटवरून धोके कसे तोलावेत

प्रश्न: नामशेष होत चाललेल्या प्राण्यांचं बंदिस्त प्रजनन आणि स्थानांतर यावर धोरणविषयक निबंध लिहितेय. जनुकीय धोका, वर्तनाचा धोका आणि रोगाचा धोका असे तीन मुद्दे सगळीकडे वाचायला मिळतात. प्रत्येकाला गुण देऊन बेरीज करावी का? नसेल, तर तोलायचं कसं?

उत्तर:

बेरीज करू नका. तिन्ही धोक्यांचा वेग वेगळा आहे. रोग काही दिवसांत सगळी वसाहत संपवतो. वर्तनातली उणीव प्राणी मोकळा सोडल्यानंतर पहिल्या महिन्याभरात दिसते. जनुकीय ऱ्हास मात्र कित्येक पिढ्या गुपचूप चालू राहतो आणि लक्षात येतो तेव्हा मागे फिरायची वाट जवळजवळ बंद झालेली असते. त्यात आणखी एक गुंता असा, की एका धोक्यावरचा उपाय बहुतेक वेळा दुसरा धोका वाढवतो. म्हणून कार्यक्रमातल्या प्रत्येक निर्णयापाशी थांबून तीन गोष्टी विचाराव्यात: इथे कोणता धोका सर्वांत आधी अंगावर येईल, अंदाज चुकला तर सावरता येईल का, आणि या उपायाने दुसरा कोणता धोका बळावेल.

हे हवेत बोलण्यापेक्षा एकच प्राणी धरून बघू. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातला काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसाएवढा, निशाचर शिकारी. तो जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यावर जगतो आणि त्याच्याच बिळात राहतो. तिन्ही धोके या एकाच प्राण्याच्या बाबतीत खरे ठरले आहेत आणि त्यांच्या नोंदीही चांगल्या आहेत.

सुरुवात रोगापासून. १९७१ साली साउथ डकोटातून सहा फेरेट पकडून प्रजननासाठी आणले. कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूची धास्ती होतीच, म्हणून त्यांना लस टोचली. ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची होती आणि पाळीव फेरेटवर ती निर्धोक ठरली होती. सहापैकी चार फेरेट त्या लसीनेच झालेल्या डिस्टेंपरने मेले. पुढे आणखी काही पकडले, दोनदा पिल्लंही झाली, पण एकही जगलं नाही. १९७९ मध्ये बंदिवासातला शेवटचा फेरेट गेला आणि ही जात संपली असंच सगळे धरून चालले.

१९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळ एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला आणि तिथे जिवंत वसाहत असल्याचं उघड झालं. १९८४ च्या मोजणीत १२९ फेरेट मिळाले. एवढे प्राणी हाताशी असताना काही पकडून दुसरीकडे प्रजनन सुरू करायचं की नाही, यावर वाद चालला. न पकडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना १९७१ चा अनुभव आठवत होता, म्हणजे त्यांची भीती खोटी नव्हती. पण १९८५ च्या उन्हाळ्यात तिथल्या प्रेअरी डॉगमध्ये प्लेग सापडला आणि फेरेटची संख्या घसरू लागली. ऑगस्टमध्ये ५८ मोजले गेले. अन्न कमी झाल्यामुळे फेरेट घटताहेत असं समजून बिळांमध्ये प्लेग पसरवणाऱ्या पिसवा मारायची भुकटी टाकली. शरद ऋतूत सहा फेरेट पकडले, तेव्हा कळलं की त्यांच्यातल्या दोघांच्या अंगात डिस्टेंपर आधीच होता. सहाही एकाच इमारतीत ठेवलेले होते. सहाही मेले.

इथे दोन गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत. पहिली, डिस्टेंपरची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडा-दहा दिवस जातात. म्हणजे पकडताना तुकतुकीत दिसणारा प्राणी निरोगी आहे असं धरता येत नाही. पकडलेला प्रत्येक प्राणी वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाच्या हाताखाली, किमान ३० दिवस ठेवायला हवा. दुसरी गोष्ट निदानाची. घट होत होती, प्लेग समोर दिसत होता, म्हणून त्यालाच एकमेव कारण मानलं गेलं. मेलेला फेरेट माळावर सापडत नाही, तो बिळात मरतो. शवविच्छेदनाला काही मिळत नाही, तेव्हा संख्या घटल्याचं कारण अंदाजाने ठरवलं जातं. म्हणून धोरणात असं लिहावं, की घट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर कारण सिद्ध होण्याची वाट न बघता काही प्राणी पकडून त्यांची तपासणी करायची.

त्यानंतर आणखी प्राणी पकडले. १९८७ च्या फेब्रुवारीत रानातला शेवटचा ज्ञात फेरेट आत आला, तेव्हा एकूण १८ होते. त्यांच्यातले बरेच एकमेकांचे जवळचे नातलग होते आणि पुढच्या वंशात ज्यांचा हिस्सा उतरला असे मूळ प्राणी धरले तर सातच भरतात. आज जगात असलेले बहुतेक सगळे काळ्या पायांचे फेरेट या सातांचे वंशज आहेत. १२९ असताना पकडायला सुरुवात केली असती, तर मूळ प्राणी कितीतरी जास्त मिळाले असते. रोगाच्या भीतीने लावलेल्या उशिराची किंमत जनुकीय खात्यात पडली ती अशी. निबंधात ‘बंदिस्त प्रजनन हा शेवटचा उपाय’ हे ठरलेलं वाक्य येणारच असेल, तर त्यापुढे पकडण्याची वेळ ठरवणारा आकडा लिहा. शेवटचा उपाय म्हणजे शेवटच्या अठरा प्राण्यांवर करायचा उपाय, असा अर्थ कुणी काढू नये.

आता जनुकीय हिशेब. सात मूळ प्राणी म्हटल्यावर लोक घाबरतात, पण खरं नुकसान संख्या कमी असण्यापेक्षा ती बराच काळ कमी राहण्याने होतं. सात नात्याबाहेरचे प्राणी घेतले, तर मूळ विविधतेतला सरासरी चौदावा भाग पहिल्याच फटक्यात जातो आणि सुमारे ९३ टक्के उरते. पुढे प्रत्येक पिढीत होणारी घट किती, हे प्रत्यक्ष प्रजननात किती प्राणी सारख्या प्रमाणात भाग घेतात त्यावर ठरतं. म्हणून सुरुवातीची वाढ शक्य तितकी वेगाने करायची असते. १९८७ मध्ये दोन माद्यांना पिल्लं झाली आणि १९८८ पासून प्राणी वेगवेगळ्या ठिकाणच्या केंद्रांत वाटायला सुरुवात झाली, म्हणजे एका केंद्रात आग किंवा साथ आली तरी सगळं जाणार नाही.

जोड्या ठरवताना वापरतात तो आकडा म्हणजे सरासरी नातेगुणक. एका प्राण्याचं बाकी सगळ्या जिवंत प्राण्यांशी, स्वतः धरून, सरासरी किती नातं आहे ते यातून कळतं. सख्ख्या भावंडांत, त्यांचे आईबाप नात्याबाहेरचे असतील तर, आपसातला नातेगुणक ०.२५ असतो आणि सावत्र भावंडांत ०.१२५. साऱ्या वसाहतीची सरासरी ०.१२५ असेल, तर उरलेली विविधता १ वजा ०.१२५, म्हणजे ८७.५ टक्के. उलट हिशेब केला तर ही विविधता चार नात्याबाहेरच्या प्राण्यांत असते तेवढी. सात मूळ प्राण्यांची विविधता चारांच्या बरोबरीला उतरते, कारण काहींचा वंश फोफावतो आणि काहींचा रोडावतो.

आता समजा दोन नर आहेत. एकाचा नातेगुणक ०.१०, तो बुजरा आहे, पिंजऱ्यात मादीजवळ जात नाही. दुसऱ्याचा ०.१५, तो दर हंगामात दोन-तीन माद्यांना पिल्लं देतो. केंद्रातल्या माणसाला दुसरा हवासा वाटणं अगदी साहजिक आहे, कारण त्याच्या कामाचं मोजमाप पिल्लांच्या संख्येवर होतं. पण दर वर्षी दुसऱ्यालाच वापरलं, तर पहिल्याची दुर्मिळ जनुकं त्याच्याबरोबर जातात. त्याहून वाईट म्हणजे पिंजऱ्यात खूश राहणाऱ्यांची निवड आपण नकळत करत राहतो. ओरेगॉनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेड माशांवर झालेल्या अभ्यासात बंदिवासातल्या प्रत्येक पिढीमागे रानातली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. हा आकडा जसाच्या तसा सस्तन प्राण्यांना लावू नये, पण बंदिवासाशी जुळवून घेणं किती वेगाने होऊ शकतं ते यातून कळतं. उपाय तसा साधा: प्रत्येक जोडीची पुढच्या पिढीत ठेवायची पिल्लं शक्यतो सारखी. घराणी सारख्या आकाराची ठेवली की जास्त पिल्लं देणाऱ्या घराण्याचं पारडं जड होत नाही आणि विविधतेची घटही मंदावते. बुजऱ्या नराची मादी बदलून बघायची, तेही जमलं नाही तर कृत्रिम रेतन. फेरेटमध्ये दहा ते वीस वर्षं गोठवलेल्या वीर्यापासून पिल्लं झालेली आहेत, तेव्हा मेलेल्या नराचा हिस्सा नंतरही वाढवता येतो.

यातूनच बाहेर कोण सोडायचं तेही ठरतं. ज्यांचे भाऊबंद आत भरपूर आहेत, अशी जास्त नातेगुणकाची पिल्लं आधी सोडतात आणि कमी गुणकाची प्रजननासाठी राखून ठेवतात. पहिल्या सोडणीत मरणारे बरेच असतात, त्यामुळे हे बरोबरच आहे. पण मग रानातली नवी वसाहत एकाच घराण्याकडे झुकलेली असते. पुढच्या वर्षांत वेगळ्या घराण्यातली पिल्लं घालून ती सावरावी लागते, आणि धोरणात ‘एकदा सोडले, काम संपलं’ असं लिहिलं असेल तर त्यासाठी पैसेही नसतात आणि परवानगीही नसते.

जनुकं आणि रोग यांची सरळ टक्कर होते ती केंद्रांमधल्या देवाणघेवाणीत. जनुकीय आराखडा म्हणतो, चार केंद्रांतले नर-माद्या दर हंगामात फिरवा. पशुवैद्य म्हणतो, काही हलवू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. इथे पारडं रोगाकडे झुकवावं, कारण एका हंगामात जोडी चुकली तर विविधतेचं होणारं नुकसान टक्क्याच्या अंशात असतं आणि ते पुढच्या हंगामात भरून काढता येतं. साथ शिरली तर ते केंद्रच जातं. म्हणून देवाणघेवाण करायची ती हंगामाच्या खूप आधी, विलगीकरणाचे ३० दिवस हातात ठेवून, आणि शक्य तिथे प्राण्याऐवजी गोठवलेलं वीर्य पाठवायचं.

वर्तनाचा भाग सर्वांत कमी लेखला जातो. फेरेटला प्रेअरी डॉग मारायला शिकवावं लागत नाही, ती जाण उपजत असते. म्हणून पहिल्यांदा वाटलं होतं की पिंजऱ्यात वाढलेली पिल्लं चालतील. १९९१ मध्ये वायोमिंगच्या शर्ली बेसिनमध्ये ४९ फेरेट सोडले, हिवाळा ओलांडला तो थोड्यांनी. बहुतेक उपासाने मरत नव्हते, त्यांना कोयोटी आणि बॅजर खात होते. पिंजऱ्यातला फेरेट शिकार करतो, पण बिळाबाहेर जास्त वेळ काढतो, सोडल्याबरोबर लांब भटकतो आणि आवाज झाला की कोणत्या भोकात शिरायचं हे त्याला सुचत नाही. त्यावर उपाय निघाला तो मोठ्या बाहेरच्या कुंपणांचा. त्यात मातीत खरी बिळं असतात आणि जिवंत प्रेअरी डॉग सोडलेले असतात. पिल्लाला खाण्याच्या वासाची आणि चवीची पक्की खूण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पटते, म्हणून त्याच वयात आईसकट त्याला कुंपणात नेतात, किमान ३० दिवस ठेवतात आणि त्याने स्वतः जिवंत प्रेअरी डॉग मारला याची खात्री झाल्याशिवाय सोडत नाहीत. पिल्लं मे-जूनमध्ये जन्मतात आणि शरद ऋतूत आईपासून पांगतात, तेव्हा सोडण्याचा काळही तोच ठेवतात. कुंपणात वाढलेल्यांचं जगण्याचं प्रमाण पिंजऱ्यातल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं आणि पुढे ही अट सरसकट झाली.

आता या उपायाची दुसरी बाजू. बिळं म्हणजे माती, ओल आणि जुनी विष्ठा, त्यामुळे कुंपणातल्या पिल्लांना कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची हगवण लागते. आणि जिवंत प्रेअरी डॉग म्हणजे पिसवा, पिसवा म्हणजे प्लेग. फेरेटला प्लेग फारसा बाधत नाही असं बराच काळ मानलं जात होतं, कारण त्याचे जवळचे नातलग तो सोसतात. १९९० च्या दशकात कोलोरॅडोमध्ये प्लेगची लागण झालेल्या प्रेअरी डॉगचं मांस खाऊन बंदिवासातले फेरेट मेले, तेव्हा तो समज गेला. पुन्हा तीच चूक, १९७१ सारखी: नातलगावरून काढलेला निष्कर्ष. गंमत अशी की वर्तनाच्या बाबतीत नातलगाचा उपयोग फार चांगला झाला होता. पहिली सोडणी करण्याआधी सायबेरियन पोलकॅट या जवळच्या जातीचे नसबंदी केलेले प्राणी माळावर सोडून त्यांना कोण खातं, ते किती भटकतात, हे बघून घेतलं होतं. धोरणात हा फरक लिहून ठेवावा: सोडण्याच्या पद्धतीची चाचणी नातलगावर करता येते, लसीची आणि रोगप्रतिकाराची खात्री नातलगावरून धरता येत नाही.

म्हणून कुंपणात येणारा प्रत्येक प्रेअरी डॉग आधी वेगळा ठेवून त्याच्या पिसवा मारतात आणि मगच आत सोडतात. खर्च वाढतो, पण इथे रोगाच्या भीतीने कुंपणच रद्द करणं परवडत नाही, कारण मग सोडलेलं पिल्लू पहिल्या महिन्यातच जाणार. रोगाचा धोका विलगीकरणाने बराच खाली आणता येतो. वर्तनाच्या उणिवेला सोडल्यानंतर काहीच इलाज नाही. देवाणघेवाणीच्या वेळी पारडं रोगाकडे होतं, इथे वर्तनाकडे. सगळीकडे एकच प्राधान्यक्रम चालत नाही, आणि गुणांची बेरीज करणारा तक्ता नेमकं हेच झाकून टाकतो.

रानात सोडल्यावर प्लेग हा कायमचा सोबती. साउथ डकोटातल्या कोनाटा बेसिनमध्ये १९९६ पासून सोडलेले फेरेट उत्तम रुजले होते, आणि २००८ मध्ये तिथे प्लेग पोचला. तेव्हापासूनचं काम असं: प्रत्येक बिळाच्या तोंडात सुमारे ४ ते ५ ग्रॅम डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी, ती साधारण दर वर्षी पुन्हा, शिवाय फेरेटना प्लेगची लस. लशीचे दोन डोस लागतात, म्हणजे रात्री दिवे घेऊन तोच प्राणी दोनदा पकडायचा. पहिल्यांदा सापडलेला दुसऱ्यांदा सापडतोच असं नाही आणि दर वर्षी जन्मणारी पिल्लं बिनलसीची असतात. फक्त लशीवर भिस्त ठेवता येत नाही ती यामुळे. भिस्त भुकटीवर, पण तीच ती वापरत राहिलं तर पिसवा तिला दाद देईनाशा होतात. शिवाय लसीने फेरेट वाचला तरी प्रेअरी डॉग मेले तर तो खाणार काय? म्हणून प्रेअरी डॉगचं संरक्षण हा फेरेटच्या कार्यक्रमाचाच भाग धरावा लागतो.

शर्ली बेसिनची कथा इथे पुरी करतो, कारण अपयश कधी जाहीर करायचं हा प्रश्न निबंधात येईलच. १९९१ ते १९९४ मध्ये तिथे एकूण २२८ फेरेट सोडले, मग प्लेगमुळे सोडणं थांबवलं. १९९७ मध्ये पाचच दिसले. जवळजवळ सगळ्या जाणकारांनी त्या जागेची आशा सोडून दिली. २००३ मध्ये तिथे ५२ मोजले गेले. फेरेट वर्षाचा झाला की पिल्लं देतो, त्यामुळे पहिल्या वर्षाचं जगणं थोडं सुधारलं तरी संख्या झपाट्याने वाढते. उशिरा वयात येणाऱ्या आणि एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्यात अशी उसळी येणार नाही. म्हणून ‘थांबायचं कधी’ याचा आकडा पिढीच्या लांबीवर बांधा, सरकारी आर्थिक वर्षांवर नाही.

क्लोनिंगबद्दल हल्ली सगळेच विचारतात, म्हणून थोडक्यात. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. तिचा वंश आजच्या फेरेटमध्ये नव्हता. १० डिसेंबर २०२० रोजी तिच्यापासून एलिझाबेथ ॲन ही मादी जन्मली, पण गर्भाशयाच्या बिघाडामुळे तिला पिल्लं झाली नाहीत. २०२३ मध्ये जन्मलेल्या अँटोनिया या दुसऱ्या क्लोनला २०२४ मध्ये पिल्लं झाली. म्हणजे सात मूळ प्राण्यांत आठव्याची भर घालता येते. अडचण एक: अंडपेशी पाळीव फेरेटची असल्याने क्लोनच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया पाळीव फेरेटची असतात, आणि ती आईकडून पिल्लांत उतरतात. ती मुख्य वसाहतीत पसरू द्यायची नसतील, तर क्लोनचे फक्त नर वंशज पुढे वापरायचे. त्यांच्याकडून विलाची जनुकं येतात, मायटोकॉन्ड्रिया येत नाहीत.

हे सगळं १९८८ मध्ये कुणीतरी त्वचेचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला म्हणून शक्य झालं. तेव्हा मसुद्यात पकडण्याच्या आकड्याच्या शेजारीच एक कलम घाला: हाताळलेल्या प्रत्येक प्राण्याचा, जिवंत असो वा मेलेला, ऊतीचा नमुना आणि नर असल्यास वीर्य गोठवायचं, आणि दोन वेगळ्या शहरांत ठेवायचं. आणि सोडण्याच्या जागेला मंजुरी देताना पहिली पाच वर्षं नाही, तर फेरेट तिथे असेपर्यंत भुकटी कोण टाकणार आणि तिचे पैसे कोण देणार, त्या खात्याचं नाव लिहिल्याशिवाय सही होऊ नये.